पदवीदानाला आई-बाबांना अमेरिकेत बोलावताना: व्हिसाचा अर्ज, कागद आणि खिडकीवरची तीन मिनिटं

मुलगा किंवा मुलगी एफ-१ व्हिसावर अमेरिकेत शिकते आहे, मे महिन्यात पदवीदान आहे आणि आई-बाबांनी ते डोळ्यांनी बघावं अशी घरातल्या सगळ्यांची इच्छा आहे. अशा वेळी बहुतेक विद्यार्थी आमंत्रणपत्राचा मसुदा शोधण्यापासून सुरुवात करतात आणि तिथेच दिशा चुकते. आई-बाबांना मिळणारा बी-१/बी-२ हा पर्यटक व्हिसा तुमच्या पत्रावर मिळत नाही, तो त्यांच्या इथल्या आयुष्यावर मिळतो. अमेरिकी परराष्ट्र खात्याने आपल्या संकेतस्थळावर तसं स्पष्ट लिहिलं आहे: आमंत्रणपत्र किंवा खर्चाची हमी या व्हिसासाठी लागत नाही, आणि अर्जदाराची पात्रता त्याच्या मायदेशातल्या घरावर आणि नात्यागोत्यांवर ठरते, तिकडच्या नातलगांनी दिलेल्या शब्दावर नाही.

यामागे कायदा आहे. तिथल्या स्थलांतर कायद्याचं कलम २१४(बी) सांगतं की व्हिसा मागणारा प्रत्येक माणूस कायमचं राहायलाच येतो आहे असं अधिकाऱ्याने गृहीत धरायचं, आणि तसं नाही हे अर्जदाराने पटवून द्यायचं. म्हणून तुमच्या बाबांवर कोणी संशय घेतला असं वाटून घेऊ नका. सुरुवातच तिथून होते, सगळ्यांची. अधिकारी मनात एकच प्रश्न घेऊन बसलेला असतो: ही दोघं सांगितलेल्या कामासाठी जातील, सांगितलेल्या दिवसांत परततील, आणि याचा खर्च त्यांना झेपेल का? सगळी तयारी या एका प्रश्नाभोवती करायची.

आधी तारखा बघा

मुंबईच्या वकिलातीत पहिल्यांदा पर्यटक व्हिसा मागणाऱ्यांना मुलाखतीसाठी कित्येक महिने थांबावं लागू शकतं. सध्या किती थांबावं लागतं ते travel.state.gov वर शहरानुसार दिलेलं असतं. मुलाखत लवकर मिळावी म्हणून तातडीची विनंती करता येते, पण पदवीदान आणि लग्न ही तातडीची कारणं धरली जात नाहीत, हे त्याच संकेतस्थळावर नाव घेऊन लिहिलं आहे. जानेवारीत जागं होऊन मेच्या समारंभासाठी ‘अर्जंट’ तारीख मागितली तर नकारच येणार.

म्हणून पहिल्या सत्राचा निकाल हातात आला की लगेच अर्ज सुरू करावा असं आमचं मत आहे. व्हिसा मिळालाच तर भारतीय पासपोर्टवर तो साधारण १० वर्षांचा आणि अनेक प्रवेशांचा असतो, त्यामुळे लवकर काढल्याने काही बिघडत नाही. मुलाचं शिक्षण नीट चाललं आहे, एक सत्र पार पडलं आहे, हे सांगताना बाबांच्या बोलण्यालाही जोर येतो.

आजी-आजोबांना न्यायचं असेल तर एक बदल लक्षात ठेवा. पूर्वी ८० आणि त्यापुढच्या वयाला मुलाखतीतून सूट मिळत असे. २ सप्टेंबर २०२५ पासून ती सूट गेली. आता आजीलाही मुलाखतीला उभं राहावं लागेल असं धरूनच तयारी करा.

अर्ज म्हणजे डीएस-१६०

खरा अर्ज एकच, ceac.state.gov/genniv वरचा डीएस-१६०. आई आणि बाबा दोघांचा वेगवेगळा भरायचा. पान उघडलं की आधी वर दिसणारा Application ID लिहून ठेवा, कारण २० मिनिटं काही हालचाल झाली नाही तर सत्र बंद पडतं आणि मग तो क्रमांक नसेल तर सगळं पुन्हा भरावं लागतं. फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा, २ इंच बाय २ इंच, गेल्या सहा महिन्यांतला आणि चष्म्याशिवायचा लागतो. स्टुडिओत जाताना बाबांना चष्मा काढायला आठवणीने सांगा, नाहीतर फोटो परत काढावा लागतो.

यातल्या चार जागा आपल्याकडच्या घरांना हमखास अडवतात.

पहिली नावाची. लग्नानंतर आईचं आडनाव बदललं, कित्येक घरांत पहिलं नावही बदललं. पासपोर्टवर ‘सुनीता’ आणि माहेरच्या दाखल्यावर ‘शोभा’. अर्जात ‘Other Names Used’ असा प्रश्न आहे. तिथे ‘Yes’ म्हणून माहेरचं पूर्ण नाव लिहायचं. ते लपवण्यासारखं नाही, आणि न लिहिल्याने मात्र पुढे जुळवाजुळवीत अडचण येते. मुख्य नाव आणि जन्मतारीख जशी पासपोर्टवर आहे तशीच भरायची. शाळेत गुरुजींनी १ जून लिहिलेली असली आणि पासपोर्टवर तीच असली, तर अर्जातही १ जूनच.

दुसरी जागा नातलगांची. अर्जदाराचे स्वतःचे आई-वडील सोडून जवळचे नातलग अमेरिकेत आहेत का, असा प्रश्न येतो. इथे मुलाचं नाव आणि नातं लिहून त्याचा दर्जा ‘Nonimmigrant’ निवडायचा. काही जणांना वाटतं, मुलगा तिकडे आहे हे कळलं तर व्हिसा नाकारतील. पण आई-बाबा त्याच्या पदवीदानालाच चालले आहेत! मुलगा लपवला तर अर्जाचं कारणच उरत नाही, शिवाय खोटं बोलल्याचा शिक्का बसतो. जाणूनबुजून खोटी माहिती किंवा खोटा कागद दिल्याचं सिद्ध झालं तर अमेरिकेत प्रवेशाला कायमची बंदी येऊ शकते. साधा नकार त्याच्यापुढे काहीच नाही.

तिसरी जागा बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. तुमच्यासाठी कोणी कधी कायमच्या स्थलांतराचा अर्ज केला होता का, असं विचारलेलं असतं. तिकडे नागरिक झालेल्या काकाने किंवा मामाने १५-२० वर्षांपूर्वी भावंडांसाठी अर्ज टाकलेला असतो आणि घरात सगळे तो विसरलेले असतात. वकिलातीच्या नोंदीत मात्र तो असू शकतो. काका-मामांना एक फोन करून विचारा. अर्ज झाला असेल तर ‘Yes’ लिहा आणि कोणी, केव्हा केला ते थोडक्यात सांगा. असा जुना अर्ज असूनही पर्यटक व्हिसा मिळू शकतो. तो दडवल्याचं उघड झालं की मात्र बाकी सगळ्या उत्तरांवरचा विश्वास जातो.

चौथी जागा अगदी शेवटी येते: अर्ज भरायला कोणी मदत केली का? तुम्ही भरला असेल तर ‘Yes’ म्हणून तुमचं नाव द्या, एजंटाने भरला असेल तर त्याचं. सहीचं बटण मात्र आई-बाबांनी स्वतः, सगळा अर्ज वाचून किंवा ऐकून दाबायचं. फोनवर एक संध्याकाळ काढा आणि अर्जातलं प्रत्येक उत्तर त्यांना मराठीत वाचून दाखवा. मुलाखतीच्या खिडकीवर जे प्रश्न येतात ते याच अर्जावरून येतात. अर्जात ‘तीन आठवडे’ लिहिलं असेल आणि बाबा ‘दोन-तीन महिने’ म्हणाले, तर त्या फरकाचं उत्तर त्यांच्याकडे नसतं.

खर्च कोण करणार हाही प्रश्न अर्जात आहे. आई-बाबांची ऐपत असेल तर ‘Self’ लिहिणं सर्वात सरळ. शैक्षणिक कर्जावर शिकणारा मुलगा दोन तिकिटांचा खर्च करणार असं लिहिलं, तर अधिकारी लगेच विचारेल की कुठून. पदवीनंतर नोकरी लागलेली असेल आणि पगाराचे कागद असतील तर मुलाचं नाव द्यायला हरकत नाही.

फी आणि दोन भेटी

डीएस-१६० भरून झाला की usvisascheduling.com वर खातं काढून फी भरायची. पर्यटक व्हिसाची फी जून २०२३ पासून माणशी १८५ डॉलर आहे. ती रुपयांत भरावी लागते आणि दर बदलत असल्याने त्या दिवशी दाखवलेली रक्कमच खरी मानायची. व्हिसा नाकारला तर फी परत मिळत नाही. आई-बाबांना एकाच गटात घाला म्हणजे दोघांना एकच वेळ मिळते.

दोन भेटी ठरवायच्या असतात. पहिली बोटांचे ठसे आणि फोटो देण्यासाठी अर्ज केंद्रात, दुसरी मुलाखतीसाठी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत. पहिली आधीच्या दिवशी घेतली तर सांगली-नांदेडहून येणाऱ्यांना एकाच फेरीत दोन्ही उरकता येतं. नोंदणीत दिलेला डीएस-१६० चा क्रमांक आणि हातातल्या पुष्टीपत्रावरचा क्रमांक एकच हवा. चूक सापडली म्हणून नवीन अर्ज भरला आणि नोंदणीत जुनाच क्रमांक राहिला, तर दारातून परत पाठवतात. तारीख बदलायची असेल तर जपून: जानेवारी २०२५ पासून एकदाच फुकट बदलता येते, त्यानंतर पुन्हा फी भरावी लागते.

मुलाखतीची भाषा मराठी निवडता येते, आणि बाबांचं इंग्रजी अडखळत असेल तर तीच निवडा. मराठीत बोललं म्हणून काही कमी पडत नाही. अर्धवट इंग्रजीत ‘येस सर’ म्हणत राहिलं तर मात्र प्रश्न समजला नाही हे कळून येतं.

फाईलमध्ये काय असावं

आधीच सांगतो, पुष्कळदा अधिकारी फाईल मागतच नाही. तरी ती तयार असावी, कारण मागितलेला एखादा कागद लगेच काढून दिला की काम तिथेच मिटतं. फाईल जाडजूड नको. तीन भाग पुरेत.

पहिला भाग आई-बाबांचा इथला. गेल्या तीन वर्षांचे आयकर विवरणपत्र, सहा महिन्यांचं बँक खात्याचं विवरण, मुदत ठेवींच्या पावत्या. नोकरी असेल तर रजा मंजूर झाल्याचं पत्र, त्यात परत रुजू होण्याची तारीख असावी. निवृत्त असतील तर पेन्शनचा पीपीओ. दुकान असेल तर गुमास्ता किंवा उद्यम नोंदणी आणि जीएसटीची विवरणं. शेती असेल तर सातबारा आणि आठ-अ. हे मराठीत असतात, म्हणून वर एका कागदावर इंग्रजीत दोन ओळी टाका: गाव, क्षेत्र, पीक, मालकाचं नाव. सीएकडून सगळ्या मालमत्तेची किंमत मांडून घेतलेला दाखला आम्ही फारसा उपयोगी मानत नाही. गावच्या घराची किंमत लाखांत दाखवल्याने बाबा परत येतील हे सिद्ध होत नाही, त्या घरात ते स्वतः राहतात, ते सांभाळतात यातून होतं.

बँकेच्या विवरणात एक गोष्ट उठून दिसते: अर्जाआधी पंधरा दिवस अचानक आलेले चार-पाच लाख. मेव्हण्याकडून उसने घेऊन खातं फुगवलं तर ते आकडे उलट शंका वाढवतात. जमीन विकली किंवा ठेव मोडली म्हणून खरोखरच रक्कम आली असेल, तर त्याचा कागद सोबत ठेवा.

दुसरा भाग तुमचा. आय-२०, पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत, विद्यापीठाचं नोंदणीचं पत्र आणि गुणपत्रक. नोकरी करत असाल तर नोकरीचं पत्र आणि शेवटच्या तीन पगारपावत्या.

तिसरा भाग समारंभाचा. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचं पदवीदानाच्या तारखेचं पान छापून घ्या. पुष्कळ विद्यापीठांचं आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालय पालकांसाठी एक पत्र देतं, ते मिळालं तर उत्तम. तुमचं स्वतःचं आमंत्रणपत्र एका पानाचं असावं: मी कोण, काय शिकतो, समारंभ कधी, आई-बाबा कोणत्या तारखांना येतील, कुठे राहतील, खर्च कोणाचा. नोटरी नको, मायेची लांबण नको.

तिकीट आधी काढू नका. व्हिसा हातात येण्याआधी परत न मिळणारं तिकीट काढलं म्हणून अधिकाऱ्याच्या निर्णयात फरक पडत नाही, पैसे मात्र अडकतात.

एक घर समोर ठेवून

समजा, बाबा तासगाव तालुक्यात राहतात, जिल्हा परिषदेच्या शाळेतून तीन वर्षांपूर्वी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. पेन्शन महिना ४२,००० रुपये. दीड एकर द्राक्षबाग आहे. आई घर सांभाळते. घरी ८२ वर्षांची आजी आहे आणि धाकटी मुलगी सांगलीत कॉलेजात आहे. थोरला मुलगा टेक्सासमध्ये संगणकशास्त्रात एमएस करतो, समारंभ मेच्या मध्यावर. तीन आठवडे जायचं, राहायचं मुलाच्या खोलीवर. दोन तिकिटं आणि थोडं फिरणं मिळून चार लाखांचा अंदाज, आणि बाबांची ६ लाखांची मुदत ठेव आहे.

अर्जात बाबांचा व्यवसाय ‘RETIRED’, आईचा ‘HOMEMAKER’. हे निवडलं की अर्जात सध्याच्या उत्पन्नाचा रकाना उघडतच नाही. म्हणजे अधिकाऱ्याच्या पडद्यावर पेन्शन नाही, बाग नाही, आजी नाही. दिसतात ती फक्त साठीतली दोन माणसं, नोकरी नसलेली, आणि तिकडे असलेला मुलगा. हे चित्र बाबांनीच बोलून पूर्ण करायचं आहे, आणि त्यासाठी वेळ दोन-तीन मिनिटांचा.

‘कशासाठी जाताय?’ असं विचारलं की पुष्कळ वडील ‘मुलाकडे’ म्हणून थांबतात. त्याऐवजी: ‘मुलाला मेमध्ये एमएसची पदवी मिळतेय, त्या समारंभाला आम्ही दोघं तीन आठवड्यांसाठी चाललोय.’ एका वाक्यात कारण, माणसं आणि मुदत आली.

‘तुम्ही काय करता?’ यावर ‘रिटायर्ड’ एवढंच म्हटलं तर चित्र तसंच अर्धं राहतं. ‘मुख्याध्यापक होतो, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. बेचाळीस हजार पेन्शन आहे, आणि दीड एकर द्राक्षबाग मीच बघतो.’

‘खर्च कोण करणार?’ ‘आम्हीच. चार लाख लागतील, माझी सहा लाखांची ठेव आहे.’

‘मुलगा पुढे काय करणार?’ हा प्रश्न अवघड, कारण उत्तर बाबांच्या हातात नसतं. जे खरं असेल तेच सांगायचं: ‘वर्षभर तिथे अनुभवासाठी काम करायचं म्हणतोय.’ मुलाची योजना नक्की काय आहे हे तुम्ही बाबांना आधी सांगितलेलं असायला हवं. विषयाचं नाव, विद्यापीठाचं नाव आणि शहर आईलाही तोंडपाठ असावं, कारण प्रश्न तिलाही विचारतात.

‘परत केव्हा येणार?’ ‘जूनच्या पहिल्या आठवड्यात. माझी आई ब्याऐंशीची आहे, मुलगी सांगलीहून येऊन तीन आठवडे तिच्याजवळ राहणार आहे. त्यापुढे जमणार नाही.’ ही आजी कोणत्याही मालमत्तेच्या दाखल्यापेक्षा जड आहे. परतण्याचं कारण जितकं घरातलं आणि खरं, तितकं ते पटतं.

उत्तरं पाठ करून घेऊ नका. माहिती पक्की करून घ्या आणि वाक्य त्यांचं त्यांना जुळवू द्या. एजंटाने घोकून घेतलेली उत्तरं अधिकारी दिवसभर ऐकत असतो, आणि प्रश्न थोडा फिरवून विचारला की ती कोलमडतात.

त्या दिवशी

आत फक्त अर्जदार जातात, सोबतच्या नातलगाने बाहेर थांबायचं. मोबाईल, पेनड्राइव्ह, मोठ्या पिशव्या आत नेता येत नाहीत, म्हणून फोन बाहेरच्या माणसाकडे द्यावा. हातात पासपोर्ट, जुने पासपोर्ट असतील तर तेही, डीएस-१६० चं पुष्टीपत्र, भेटीचं पत्र आणि ती पातळ फाईल. मुलाखत काचेच्या खिडकीसमोर उभ्याने होते. ऐकू कमी येत असेल तर ‘पुन्हा सांगा’ म्हणण्यात संकोच नको. न ऐकता मान हलवण्याने जास्त नुकसान होतं.

पासपोर्ट ठेवून घेतला तर बहुधा व्हिसा मंजूर झाला असं समजायचं, तो पुढे केंद्रावरून किंवा घरपोच मिळतो. कलम २२१(जी) लिहिलेला कागद मिळाला तर तो अंतिम नकार नाही: आणखी कागद हवे आहेत किंवा तपास बाकी आहे. कागदावर मागितलं असेल तेवढंच, सांगितलेल्या पद्धतीने पाठवा. कलम २१४(बी) चा कागद आणि पासपोर्ट लगेच परत मिळाला तर नकार. त्यावर अपील नाही. पुन्हा अर्ज करता येतो, पुन्हा फी भरून. पण तीच माहिती घेऊन पंधरा दिवसांत परत गेलं तर उत्तर सहसा तेच मिळतं. आधी दोघांना वेगवेगळं बसवून काय विचारलं आणि काय सांगितलं ते आठवेल तसं लिहून घ्या. चूक बहुधा तिथेच सापडते: मुदतीत फरक पडलेला असतो, खर्चाचं उत्तर अडलेलं असतं, किंवा परतण्याचं कारण बोलायचंच राहून गेलेलं असतं. पुढच्या प्रत्येक अर्जात हा नकार लिहावा लागतो.

विमानतळावर आणि नंतर

व्हिसा १० वर्षांचा असला तरी १० वर्षं राहता येत नाही. किती दिवस राहायचं ते तिथल्या विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि ते आय-९४ या नोंदीत येतं. पर्यटकांना बहुधा सहा महिने देतात. आई-बाबा घरी पोचले की त्याच दिवशी i94.cbp.dhs.gov वर दोघांची नोंद उघडून तारीख बघा. परतीचं तिकीट त्या तारखेच्या आतलं हवं. मुदत मिळाली म्हणून तीन आठवड्यांचे साडेपाच महिने करणं नियमात बसतं, पण धाकटीच्या पदवीदानाला पुन्हा जायचं असेल तेव्हा ‘मागच्या वेळी किती राहिलात?’ असा प्रश्न येऊ शकतो.

बॅगेत लाडू, चिवडा, भाजणी चालते, पण खाण्याचे पदार्थ आहेत असं जाहीर करायचं. ताजा कढीपत्ता, फळं आणि लावण्यासाठीचं बी नेऊ नका. बाबांच्या रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत ठेवा. प्रवासी विमा व्हिसासाठी सक्तीचा नाही, तरी तो घ्याच, आणि घेताना आधीपासूनचे आजार त्यात धरले आहेत का ते वाचून घ्या. समारंभाच्या प्रवेशिका मोजक्याच मिळत असतील तर त्या नोंदवायची शेवटची तारीख विद्यापीठाच्या पानावर पाहून ठेवा.